शेततळ्याची 20 टक्के वाढ आणि तीन वेगळे आकडे

प्रश्न: नमस्कार भाऊ. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. 20 बाय 20 मीटर आणि 3 मीटर खोल असं शेततळं ठरलं होतं. उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही म्हणून आता लांबी, रुंदी, खोली तिन्ही 20 टक्क्यांनी वाढवतोय. तर खोदकामवाला म्हणतो काम 73 टक्के वाढलं, पन्नीवाला म्हणतो 40 टक्के, कुंपणवाला म्हणतो 15 टक्के. माप वाढलं 20 टक्के, मग तिघांचे तीन आकडे कसे? कोण फसवून राहिलं?

उत्तर:

भाऊ, तिघांपैकी कोणीही फसवत नाही. तिघंही एकाच तळ्याकडे बघतात, पण तिघांची मोजायची वस्तू वेगळी आहे. कुंपणवाला लांबी मोजतो, पन्नीवाला क्षेत्रफळ मोजतो आणि खोदकामवाला घनफळ. मी 22 वर्षं शेततळी आखून आणि मोजून देतो, आणि हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी धुऱ्यावर उभा राहून सोडवावा लागतो. तुमच्याच तळ्यावर बघू.

आधी फक्त वरचा चौकोन घ्या. तुमची 20 मीटरची बाजू चार-चार मीटरच्या 5 तुकड्यांत वाटा. दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून जमिनीवर फक्कीने रेघा मारल्या तर 5 बाय 5, म्हणजे 25 चौकोनी वाफे दिसतील. आता बाजू 20 टक्के वाढली, म्हणजे 24 मीटर झाली, म्हणजे 6 तुकडे. आता वाफे किती? 6 बाय 6, म्हणजे 36. वाढले 11. पंचवीसावर 11 म्हणजे 44 टक्के.

हे 11 वाफे कुठून आले ते नीट बघा, कारण सगळा घोळ इथेच होतो. पूर्वेकडे एक नवी ओळ आली, तिच्यात 5 वाफे. उत्तरेकडे एक नवी ओळ आली, तिच्यातही 5. हे झाले 10, म्हणजे 40 टक्के. इथवर सगळ्यांना पटतं, कारण 20 आणि 20 मिळून 40. पण ईशान्येच्या कोपऱ्यात, दोन नव्या ओळी जिथे भेटायला हव्यात, तिथे एक वाफा रिकामा राहिला आहे. तो भरल्याशिवाय चौकोन पुरा होत नाही. तो अकरावा वाफा, म्हणजे पंचवीसातला एक, म्हणजे वरचे 4 टक्के. लांबीची वाढ आणि रुंदीची वाढ एकमेकींवर पडली की तो कोपरा तयार होतो. हिशोबात लिहायचं तर 1.2 × 1.2 = 1.44.

आता खोलीकडे या. 3 मीटर खोली 60 सेंटीमीटरच्या 5 थरांत वाटा. खोली 20 टक्के वाढून 3.6 मीटर झाली, म्हणजे 6 थर. क्षणभर तळ्याच्या भिंती सरळ उभ्या आहेत असं समजा. जुन्या तळ्यात 25 वाफे आणि 5 थर, म्हणजे मातीचे 125 ठोकळे. नव्या तळ्यात 36 वाफे आणि 6 थर, म्हणजे 216 ठोकळे. वाढले 91. एकशे पंचवीसावर 91 म्हणजे 72.8 टक्के. खोदकामवाल्याचा 73 तो हाच.

हे 91 ठोकळेही मोजता येतात. पूर्वेला एक उभी भिंत चढली, 25 ठोकळ्यांची. उत्तरेला तशीच 25 ची, आणि खाली तळाला 25 ची. मिळून 75, म्हणजे 60 टक्के. मग या भिंती जोडीजोडीने जिथे भेटतात तिथे पाच-पाच ठोकळ्यांच्या तीन पट्ट्या भराव्या लागतात. ते 15, म्हणजे 12 टक्के. आणि अगदी तळाच्या ईशान्य कोपऱ्यात, तिन्ही पट्ट्या जिथे भेटतात तिथे, एकच ठोकळा. तो 0.8 टक्का. बेरीज 72.8.

मी या कामात नवा होतो तेव्हा हे 12.8 टक्के मला दिसले नव्हते. एका शेतकऱ्याला तुमच्याइतक्याच मापाच्या तळ्यासाठी मी 20 अधिक 20 अधिक 20, म्हणून 60 टक्के वाढ धरून अंदाज दिला. तुमच्या मापावर तो फरक 112 घनमीटर होतो, म्हणजे जवळपास 40 ब्रास माती. मशीन खड्ड्यात उभी होती, ठरलेले पैसे संपले होते आणि खोली अजून लागली नव्हती. मृगाला आठ दिवस राहिले होते. त्या माणसाने बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून काम पुरं केलं. तेव्हापासून मी टक्के कधी बेरजेने जोडत नाही, गुणतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या तळ्याच्या भिंती सरळ कुठे आहेत, त्या तर उताराच्या आहेत. बरोबर आहे. आपल्याकडे साधारण एकास एक उतार धरतात, म्हणजे 3 मीटर खाली जाताना भिंत 3 मीटर आत येते. वर 20 बाय 20 असेल तर तळाला 14 बाय 14 उरतं. अशा खड्ड्याचं घनफळ काढायला वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मधल्या उंचीवरच्या क्षेत्रफळाची चौपट अशी बेरीज करायची, तिला खोलीने गुणायचं आणि सहाने भागायचं. वर 400, तळाला 196, मध्ये 17 बाय 17 म्हणजे 289, त्याची चौपट 1156. बेरीज 1752, गुणिले 3, भागिले 6, म्हणजे 876 घनमीटर.

आता नवं तळं. वर 24, खोली 3.6, उतार तोच एकास एक, म्हणून प्रत्येक बाजूने भिंत 3.6 मीटर आत येईल आणि तळ 16.8 मीटर उरेल. 14 ची 20 टक्के वाढ बरोबर 16.8 च होते. वर 576, तळाला 282.24, मध्ये 20.4 बाय 20.4 म्हणजे 416.16, त्याची चौपट 1664.64. बेरीज 2522.88, गुणिले 3.6, भागिले 6, म्हणजे सुमारे 1514 घनमीटर. 876 ला 1.728 ने गुणा, तेवढंच येतं. आकार कसाही असो, गोल विहीर असो की उताराचं तळं, त्याचं प्रत्येक माप त्याच प्रमाणात वाढलं तर घनफळ 1.2 × 1.2 × 1.2 पटच होणार. कारण कुठलाही आकार बारीक बारीक ठोकळ्यांत कापता येतो, आणि प्रत्येक ठोकळा 1.728 पट होतो.

मग पन्नीवाला 44 न सांगता 40 का सांगतो आणि कुंपणवाला 20 न सांगता 15 का? याचं कारण एकच आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. दोघांच्याही मापात एक भाग असा आहे जो तळ्याबरोबर वाढत नाही.

पन्नी एका अखंड चौकोनी तुकड्यात येते. तिची बाजू म्हणजे तळाची लांबी, दोन्हीकडच्या उताराची लांबी, आणि वर काठावर चर खोदून त्यात जी कड पुरतात तिची लांबी. जुन्या तळ्यात तळ 14, उतार प्रत्येक बाजूला 4.24, आणि पुरायची कड प्रत्येक बाजूला 1 मीटर धरू. मिळून साधारण 24.5 मीटर, म्हणजे 600 चौरस मीटर पन्नी. नव्या तळ्यात तळ 16.8, उतार 5.09, पण कड मात्र 1 मीटरच. तळं मोठं झालं म्हणून कोणी कड 1.2 मीटर पुरत नाही. मिळून 29 मीटर, म्हणजे 841 चौरस मीटर. 600 वरून 841 ही वाढ 40 टक्के. कडेचा भाग जागच्या जागी राहिला म्हणून 44 चे 40 झाले. म्हणजे तुमचा पन्नीवाला हिशोब नीट जाणतो आणि सरळ सांगतो. त्याने 44 टक्के धरून 864 चौरस मीटर सांगितलं असतं तर 23 चौरस मीटर जास्तीची पन्नी तुमच्या गळ्यात पडली असती.

कुंपणाचंही तसंच. कुंपण तळ्याच्या ओठावर घालत नाहीत, माणूस आणि जनावर फिरेल इतकी जागा सोडून घालतात. चारही बाजूंनी 3 मीटर जागा सोडली असेल तर जुनं कुंपण 26 मीटर बाजूचं, एकूण 104 मीटर. नवं 30 मीटर बाजूचं, एकूण 120. वाढ 15 टक्क्यांच्या थोडी वर.

आता मुख्य मुद्दा. खोदकामवाल्याचा 73 चा आकडा खरा आहे, पण तो एका अटीवर खरा आहे: वरचा चौकोन, तळाचा चौकोन आणि खोली हे सगळं 20 टक्क्यांनी वाढलं पाहिजे. एकही माप मागे राहिलं तर 73 टक्के काम झालेलंच नसतं, आणि वरून बघून ते कळत नाही. वावरात दोन गोष्टी वारंवार होतात, त्या सांगतो.

पहिली गोष्ट, खोली मागे राहते. तुमच्याकडे वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. 3 मीटरवर मशीनचा पंजा दगडावर घासायला लागला की पुढचे 60 सेंटीमीटर खोदणं परवडत नाही आणि खोली 3 वरच थांबते. अशा वेळी वर 24 बाय 24 आणि खोली 3 ठेवली, तर घनफळ किती वाढेल? बरेच जण म्हणतात 44 टक्के, कारण दोनच मापं वाढली. उभ्या भिंतींच्या हौदात ते खरं ठरलं असतं. उताराच्या तळ्यात नाही. खोली तीच म्हणून भिंत आधीइतकीच, प्रत्येक बाजूने 3 मीटर आत येते. म्हणून तळ 14 वरून 18 होतो, म्हणजे तळाची बाजू 20 नाही, जवळजवळ 29 टक्क्यांनी वाढते. हिशोब केला तर घनफळ 1332 घनमीटर येतं, म्हणजे 52 टक्के वाढ. तुमच्यासाठी ही वाईट बातमी नाही. कातळ लागला तरी पाणी 44 ऐवजी 52 टक्के वाढतं.

हाच परिणाम शेततळे योजनेच्या मापांतही दिसतो. यादीत 15 बाय 15 बाय 3 चं तळं आहे आणि 30 बाय 30 बाय 3 चंही आहे. बाजू दुप्पट, खोली तीच. एकास एक उतार धरून पहिल्यात 441 घनमीटर मावतं आणि दुसऱ्यात 2196. म्हणजे चौपट नाही आणि आठपटही नाही, जवळजवळ पाचपट. लहान तळ्याची बरीचशी जागा उतारच खाऊन टाकतो.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते: तळ मागे राहतो. वरची आखणी तुमच्या डोळ्यांसमोर 24 बाय 24 होते. खोलीही तुम्ही काठीने बघता, 3.6 भरते. पण तळ आधीच्या आराखड्याप्रमाणे 14 बाय 14 च काढला जातो आणि उतार सपाट होतो. वरून कोणाच्याही लक्षात येत नाही, उलट तळं ऐसपैस दिसतं. हिशोब करा: वर 576, तळाला 196, मध्ये 19 बाय 19 म्हणजे 361, त्याची चौपट 1444. बेरीज 2216, गुणिले 3.6, भागिले 6, म्हणजे सुमारे 1330 घनमीटर. 1514 च्या जागी 1330. सरळ 184 घनमीटर, म्हणजे 65 ब्रास माती जागेवरच आहे आणि बिल मात्र 73 टक्के वाढीचं. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. मशीनवाल्याच्या डोक्यात जुनं तळाचं माप बसलेलं असतं आणि नवं कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आखणीच्या दिवशीच तीन मापं कागदावर लिहून त्याच्या हातात द्या: वर 24, तळाला 16.8, खोली 3.6.

एक अडचण मात्र खरी आहे. तुमच्या जागी काळी माती खोलवर असेल तर एकास एक उतार टिकत नाही, पहिल्याच पावसात भिंत घसरते. तिथे दीडास एक किंवा त्याहून सपाट उतार लागतो. मग घनफळ कमी होईल, आणि ते ठरवून कमी केलेलं असेल. 20 टक्क्यांचा नियम तेव्हाही चालतो, फक्त जुनं आणि नवं दोन्ही तळं त्याच उताराने मोजलेलं हवं. जुनं एकास एक उताराने आणि नवं दीडास एक उताराने मोजून टक्के काढले तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

मोजणी नेहमी खड्ड्यात करा, ट्रॉल्या मोजून नको. जमिनीतली घट्ट माती उपसली की फुगते, पाचवा-चौथा हिस्सा जास्त भरते. ट्रॉल्या मोजून घनफळ काढलं तर 1514 घनमीटरचा खड्डा 1800 च्या पुढे जातो, आणि मग तिघांऐवजी चार आकड्यांचं भांडण होतं.

तुम्ही हे सगळं उन्हाळ्याच्या पाण्यासाठी करताय, म्हणून बाष्पीभवनाचं सांगतो. क्षेत्रफळ आणि घनफळ वेगवेगळ्या टक्क्यांनी वाढतं याचा फायदा तुम्हाला इथे मिळतो. ऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून पाणी नेतं, म्हणजे ते क्षेत्रफळाचं काम. समजा भर उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडतं. भरलेल्या जुन्या तळ्यातून रोज 3.2 घनमीटर जाईल आणि नव्यातून 4.6. नवं तळं जास्त पाणी गमावतं हे खरं. पण पाणी 73 टक्के वाढलं आणि उडणं 44 टक्केच वाढलं. शंभर लिटर साठ्यामागे जुन्या तळ्यातून रोज 0.37 लिटर जात होतं, नव्यातून 0.30 जाईल. तिन्ही मापं सारख्या टक्क्यांनी वाढवली की पाण्याचा प्रत्येक लिटर उन्हाला आधीपेक्षा कमी उघडा पडतो. नुसती लांबी-रुंदी वाढवून खोली तशीच ठेवली, तर हा फायदा बराच कमी होतो: पाणी 52 टक्के वाढतं आणि पृष्ठभाग 44 टक्के.

पुष्कळ जण विचारतात की पाणी दुप्पट करायचं तर मापं दुप्पट करायची का. नाही. तिन्ही मापं दुप्पट केली तर पाणी आठपट होईल आणि वावरात बाग लावायला जागा उरणार नाही. दुप्पट पाण्यासाठी तिन्ही मापं 26 टक्क्यांनी वाढवली की पुरतं, कारण 1.26 तीनदा गुणलं की 2 येतं. आणि तुमच्याकडे कातळामुळे खोली 3 वरच अडकली, तर वरची बाजू 20 वरून 27.1 मीटर करावी लागेल, म्हणजे 35 टक्क्यांहून थोडी जास्त.

मनातल्या मनात अंदाज काढायचा असेल तर छोट्या टक्क्यांना दुप्पट-तिप्पट चालतं. 2 टक्के वाढ असेल तर क्षेत्रफळ 4 टक्के आणि घनफळ 6 टक्के, चूक नगण्य. 10 टक्क्यांना क्षेत्रफळ 21 आणि घनफळ 33, इथवरही भागतं. त्यापुढे कोपऱ्यातले ठोकळे जड व्हायला लागतात. 50 टक्क्यांना क्षेत्रफळ 125 टक्क्यांनी वाढतं आणि घनफळ 237.5 टक्क्यांनी. तिथे तिप्पट करून 150 धरणारा माणूस वाढीव कामाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी पैसे ठेवून बसतो.

तर तुमच्या कामाचं असं करा. मशीन आणण्याआधी तळ्याच्या मधोमध आणि दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घेऊन 3.6 मीटरपर्यंत कातळ लागतो का बघा. लागत असेल तर खोदकामवाल्याशी 52 टक्के वाढीचा, म्हणजे 1332 घनमीटरचा करार करा. लागत नसेल तर 1514 चा. कातळ लागून खोली 3 वर राहिली तर पन्नीचं मापही बदलेल: तळ 18, उतार 4.24, कड 1, मिळून साधारण 28.5 मीटरची बाजू. म्हणून पन्नीची ऑर्डर खोदकाम संपल्यावर, मोजून द्या, आधी नको. आणि शेवटचं बिल देण्याच्या दिवशी, पन्नी अंथरायच्या आधी, स्वतः तळात उतरा आणि टेप लावा. 3.6 मीटर खोलीच्या तळ्यात टेपवर 16.80 दिसलं तर 73 टक्क्यांचे पैसे बिनदिक्कत द्या. 14 दिसलं तर मशीन अजून वावरात आहे तोवरच त्याला उरलेली 65 ब्रास काढायला सांगा.